पितृपक्षातले आठ होकार

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या एजन्सीत दोनच माणसं होती, सर आणि मी. सर म्हणजे मालक. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. भिवंडीच्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमची खोली होती, आणि खाली कुणी पातेलं आपटलं की वर सरांचा ब्रश हलायचा. आमचं मुख्य काम टॉकीजच्या स्लाइडचं. सिनेमा सुरू व्हायच्या आधी आणि इंटरव्हलला पडद्यावर दुकानांच्या जाहिराती दिसायच्या ना, काचेच्या छोट्या चौकोनावर रंगवलेल्या, त्या. गावातल्या एका टॉकीजने स्लाइड दाखवायचा वर्षाचा हक्क आम्हाला दिला होता. आठ छोटे दुकानदार होते आणि त्या एका पडद्यावर आमची एजन्सी उभी होती.

आदल्या वर्षी दसऱ्याला मोठी फजिती झाली होती. मी तेव्हा नव्हते. आठातल्या सहा स्लाइड दसरा उलटून गेल्यावर आल्या आणि ऐन नवरात्रात इंटरव्हलला टॉकीजवाल्यांना गणपतीच्या मोदकांची जाहिरात दाखवावी लागली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मॅनेजर चिडका नव्हता, पण हिशेबी होता. त्याने सरांना बोलावून स्वच्छ सांगितलं, "पुढच्या वर्षी घटस्थापनेच्या आधीच्या बुधवारी, दुपारी बाराच्या आत आठही स्लाइड माझ्या टेबलावर हव्यात. एक जरी कमी पडली तर हक्क मुंबईच्या कंपनीला."

म्हणजे बुधवारी बारा वाजता आमचा निकाल होता. नापास झालो तर सर पुन्हा शाळेत खडू धरायला आणि मी घरी, येणाऱ्या स्थळांसमोर पोह्यांचं ताट धरायला. मला दोन्ही गोष्टींचा सारखाच राग होता.

सरांना विचारलं, उशीर का झाला होता? म्हणाले, "गिऱ्हाईकं ढिली आहेत. वेळेवर होकार देत नाहीत." मी ते खरं मानलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि जगातली सगळी दुखणी वक्तशीरपणाने बरी होतात अशी माझी पक्की समजूत होती.

मी तक्ता केला. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठी जोडून भिंतभर कागद लावला. डाव्या बाजूला आठ दुकानं आणि वर रकाने. मजकूर आला, कच्चं चित्र गेलं, दुरुस्ती, मंजूर, कल्याणला गेली, तपासली, टॉकीजला पोचली. दिवस मात्र उलटे मोजले. बुधवारी टॉकीज, म्हणून मंगळवारी कल्याणहून आणायची. कल्याणचा स्लाइडवाला चित्राचा फोटो काचेवर उतरवायचा, वाळवायचा, मग बारीक कुंचल्याने रंग भरून वर दुसरी काच ठेवून कडेने काळी पट्टी चिकटवायचा. त्याला पाच दिवस लागायचे, आणि सणासुदीला त्याच्याकडे रांग असे. त्याने आम्हाला आदल्या गुरुवारची पाळी दिली होती. पाळी चुकली की थेट दसऱ्यानंतर. म्हणून त्याच्या आदल्या बुधवारपर्यंत आठही चित्रांवर दुकानदारांचं 'मंजूर', खाली सही आणि तारीख.

सही हा सरांचा कायदा होता. एकदा एका शिंप्याने मान डोलावली होती, स्लाइड तयार झाल्यावर म्हणाला, मी कधी हो म्हटलं? काचेवरची चूक पुसता येत नाही, नवीन काचच करावी लागते. तेव्हापासून मान डोलावणं, हसणं, चहा पाजणं, यातलं काही सरांना होकार म्हणून चालत नसे. इतका कडक नियम करणारा माणूस स्वतःचा चष्मा कुठे ठेवला ते मात्र रोज मला विचारायचा.

माझ्या तक्त्यात आणखी एक रकाना होता, त्याचा मला फार अभिमान. 'खरा होकार कुणाचा.' गल्ल्यावर बसणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, हे मी दोन महिन्यांत शिकले होते. कासार आळीतल्या साडीवाल्यांकडे गल्ल्यावर पुतण्या, पण शब्द आत्याबाईंचा. कामतघरच्या सायकलवाल्याकडे भाऊ दोन, एकमेकांशी बोलत नसत, म्हणून दोघांना वेगवेगळं दाखवायचं. कुणाला कुठल्या वेळी गाठायचं तेही लिहिलेलं. अत्तर-टोप्यांच्या दुकानातल्या चाचांचा रमझान चालू होता, त्यांच्याकडे दुपारच्या नमाजानंतर, रोजाची मरगळ यायच्या आधी.

गणपती गेले. मी कच्ची चित्रं वाटायला निघाले. चाचांनी चित्र डोळ्यांजवळ धरलं, अत्तराच्या बाटलीचं झाकण पाहिलं, "माशाल्ला" म्हणाले आणि सही केली. त्यांच्या शेजारच्या, त्यांच्यासारखाच रोजा असलेल्या शिंप्यानेही केली. तोच शिंपी, जुना मान डोलावणारा. दोन रकान्यांत मी लाल पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि स्वतःवरच खूश झाले.

पुढचे पाच मात्र हलेनात. साडीवाले म्हणाले, "छान आहे, ठेवून जा." मिठाईवाले म्हणाले, "बघू, दोन दिवसांनी या." दोन दिवसांनी म्हणाले, "आणखी दोन दिवसांनी." भांडीवाले आमच्याच खाली, त्यांना मी जिन्यात दिवसातून चार वेळा भेटायची. तेही, "हो हो, करू की." टायपिंग क्लासवाले गुरुजी तर इंग्रजीत 'व्हेरी गुड' म्हणाले आणि पेनाचं टोपण पुन्हा लावलं. सायकलवाले दोघे भाऊ आयुष्यात पहिल्यांदा एकमताने म्हणाले, नंतर. शनिवार उजाडला. हातात चार दिवस आणि, अजून न गाठलेला पडघ्याचा दुकानदार धरून, सहा रकाने कोरे. मला सगळ्यांचा मनापासून संताप आला. सर म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं? ढिले आहेत." आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. त्यांना बहुतेक तिथे शाळा दिसत होती.

शनिवारी मी एस.टी.ने पडघ्याला गेले. तिथे हायवेला लागून आमच्या आठांपैकी एकाचं दुकान, पाण्याचे पंप आणि पाइप. दुकानदार शेतकरी घरातला, सडेतोड माणूस. पुढ्यात चित्र ठेवलं. ऐटबाज पंप, त्यातून धो धो पाणी, मागे हिरवं शेत.

त्यांनी खिशातून पेन काढलं. माझा जीव भांड्यात पडला. पण पेन खाली सहीच्या जागी गेलंच नाही. त्यांनी पंपाच्या तोंडावर भला मोठा गोल काढला. "ह्ये काय हाय? पानी वढायच्या तोंडातून भायेर पडतंय व्हय? लोक हसतील मना." मग बाण काढला. मग दुसरा बाण. पाइपाची जाडी बदलली. शेताच्या कोपऱ्यात 'भात न्हाय, भाजी दावा' असं लिहिलं. सगळं चित्र निळं करून टाकलं आणि माझ्याकडे सरकवलं.

मी म्हटलं, "सगळं दुरुस्त करते, काका. पण खाली मंजूर म्हणून सही करा."

"सई आता न्हाय, ताई. पितरांचं दिस हायत. घट बसले का या, लगेच करतो."

"अहो, हे काय लग्न आहे का? कागदावरची सही."

"नव्या कामाला हो म्हनायचं त्ये म्हनायचंच. कागूद काय आन् लगीन काय."

मी बसस्टँडवर येऊन बाकावर बसले. म्हणजे कुणीच ढिलं नव्हतं. शहरातले भिडेपोटी बोलले नाहीत एवढंच, पडघ्याच्या काकांनी तोंडावर सांगितलं. आदल्या वर्षीही हेच झालं असणार. सगळ्यांनी घटस्थापनेला आनंदाने सह्या केल्या असणार आणि सरांनी वहीत 'उशीर' एवढंच लिहून ठेवलं. आणि मी? आमच्या घरी पक्ष पंधरवड्यात नवा रुमालसुद्धा विकत आणत नाहीत. ते सगळं मला पाठ होतं. तरी मी तक्त्याच्या आठही ओळींचे होकार नेमके त्या पंधरा दिवसांत मांडून ठेवले होते, कारण जाहिरातीचं काम हे ऑफिसचं काम आणि तिथी घरची, असं माझ्या डोक्यात कप्पे होते. स्वतःला शहाणी समजण्याची ही शिक्षा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

बस येईना. मांडीवरच्या चित्राकडे बघत बसले. निळे गोल, निळे बाण, भाजी दावा. आणि मला एकदम दिसलं की पितरांचे दिवस असूनही काकांनी कागदावर पेन किती जोरात चालवलं होतं. होकाराला त्यांना मुहूर्त लागत होता. चूक काढायला लागत नव्हता. चूक काढायला आमच्या मुलखात कधीच कुणाला मुहूर्त लागत नाही.

मी बस सोडून दुकानात परत गेले. वहीचं पान फाडून वर लिहिलं, दुरुस्ती-पत्रक. खाली काकांच्या चारही दुरुस्त्या अनुक्रमाने. त्याखाली, 'वरील दुरुस्त्या कराव्यात. याखेरीज दुसरी दुरुस्ती नाही.' आणि सहीची रेघ.

"काका, होकार नको. हे काम तुम्ही श्रावणातच सांगितलं होतं, सुरू तेव्हाच झालं. आता नुसत्या चुका दाखवल्यात. तेवढ्या तुम्हीच दाखवल्यात, अशी सही द्या."

त्यांनी पत्रक दोनदा वाचलं. "याखेरीज न्हाय," ते पुटपुटले. मग हसले. त्यांना सगळं कळलं होतं, हे मला त्या हसण्यातच कळलं. "चुका दावाया काय हरकत हाय," म्हणाले आणि सही केली. तारीखही घातली.

सरांना मात्र पटेना. "हा होकार नाही."

"सर, सगळ्या चुका काढल्यावर चित्रात काय उरतं?"

सरांनी विचार केला. पत्रक पुन्हा वाचलं. मग त्यांनी त्यांच्या बाजूने एक अट घातली, आणि ती योग्यच होती. मोठी दुरुस्ती असेल तर सुधारलेलं चित्र पुन्हा दाखवायचं आणि त्याच पत्रकावर 'दुरुस्ती झाली' अशी दुसरी सही घ्यायची. संपलेल्या कामाला सही द्यायला पितर आड येणार नव्हते. मी रकान्यावरचं 'मंजूर' खोडून तिथे 'चुका संपल्या' असं लिहिलं.

रविवार-सोमवार मी गावभर चुका मागत फिरले. असा मान दुकानदारांना आयुष्यात कुणी दिला नव्हता. मिठाईवाल्यांनी पेढ्यांचा आकार वाढवायला लावला. भांडीवाल्यांनी पितळी कळशीला चकाकी मागितली. टायपिंगचे गुरुजी म्हणाले, "मी असलं काही मानत नाही हं, पण घरच्यांचं मन," आणि मशीनच्या कळांच्या ओळी मोजून एक कमी असल्याचं विजयी मुद्रेने दाखवलं. सायकलवाल्या भावांनी एकमेकांच्या दुरुस्त्यांना दुरुस्त्या सुचवल्या. तिथे मात्र मी दोघांना एकाच बाकावर बसवलं आणि एकच पत्रक ठेवलं. सहीच्या वेळी धाकट्याने थोरल्याला पेन दिलं. त्याबद्दल मी कुणाला काही विचारलं नाही.

शेवटी साडीवाले उरले. मंगळवार दुपार. तिथे वेगळीच पंचाईत झाली. गल्ल्यावरचा पुतण्या इतका सालस की त्याला चूक सापडेना. त्याने चित्र उभं धरलं, आडवं धरलं. सरांनी हिरवी नऊवारी नेसलेली बाई काढली होती, हातात आरतीचं तबक. "ताई, सुंदरच आहे," तो म्हणाला. "उगाच कशाला नावं ठेवू?"

"ठेवा हो. काहीतरी ठेवा."

"नाही सुचत."

मी हात जोडायच्या बेतात होते. एका माणसाच्या चांगुलपणापायी एजन्सी बुडणार अशी चिन्हं दिसायला लागली. मग मला माझाच रकाना आठवला आणि मी म्हटलं, "आत्याबाईंना दाखवू का?"

आत्याबाई मागच्या खोलीत डाळ निवडत होत्या. त्यांनी हात पुसले, चित्र घेतलं, एकदा पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ते मीच काढलं होतं.

"बांगड्या कुठायत?"

खरंच नव्हत्या. सरांनी पैठणीच्या काठावरचा मोरसुद्धा काढला होता, पण मनगटं मोकळी सोडली होती.

"नवरात्रात भुंड्या हातांची बाई दाखवणार दुकानावर? आणि कपाळाची टिकली बारीक. आणि तबकात निरांजन एकच? आणि पदराला जरी कमी." त्या थांबेचनात. मी पुढे लिहीत गेले. सात दुरुस्त्या झाल्या. इतक्या आनंदाने मी कुणाची बोलणी कधी खाल्ली नाहीत. शेवटी त्यांनी सही केली, मोठी, वळणदार, पूर्ण नावाची. पुतण्या बाजूला उभा राहून म्हणाला, "मला वाटलंच होतं काहीतरी राहिलंय."

सरांनी ती संध्याकाळ आणि बुधवारची सकाळ बांगड्या काढण्यात घालवली. बुधवारी दुपारी मी सुधारलेली चित्रं घेऊन पुन्हा फिरले, पडघ्यालाही गेले. पंपाचं पाणी आता योग्य तोंडातून पडत होतं. काकांनी 'दुरुस्ती झाली'वर सही केली आणि मला पिशवीभर काकड्या दिल्या. गुरुवारी सकाळी आठ चित्रं कल्याणला पोचली. पुढच्या मंगळवारी मी स्वतः जाऊन आठही काचा उजेडाला धरून पत्रकांशी ताडून पाहिल्या. कळांची ओळ होती. पेढे मोठे होते. बांगड्या हिरव्या होत्या. कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवल्या आणि एस.टी.त ती पेटी मांडीवर घेऊन आले. खड्डा आला की मी पेटी वर उचलून धरायची. शेजारच्या बाईंनी विचारलं, देव आहेत का? मी हो म्हटलं.

बुधवारी पावणेबाराला आम्ही टॉकीजच्या ऑफिसात शिरलो. मॅनेजरच्या समोरच्या खुर्चीत मुंबईच्या कंपनीचा माणूस टाय लावून बसला होता, बॅग मांडीवर. बाराची वाट बघायला आला होता, स्पष्ट होतं. मी पेटी टेबलावर ठेवली आणि एकेक काच बाहेर काढली. मॅनेजरने प्रत्येक काच खिडकीकडे धरून पाहिली. आठवी खाली ठेवल्यावर त्याने घड्याळाकडे बघितलं.

"आठ," तो म्हणाला. "हक्क तुमचाच राहिला."

सर उठून त्याचा हात हातात घेणार तोच मी त्यांना बसवलं. शिंप्याची गोष्ट ऐकल्यापासून मला नुसत्या तोंडी होकारावर विश्वास नव्हता. कराराचा कागद मी बरोबरच आणला होता, तो पुढे केला. मॅनेजर अवघडला. "शुक्रवारी करू ना. घटस्थापनेला. आज म्हणजे, तुम्हाला ठाऊकच आहे." मुंबईचा माणूस बॅगेवर बोटं वाजवत जरा सरसावून बसला. त्याला अजून दोन दिवस मिळत होते.

मी पिशवीतून कोरं दुरुस्ती-पत्रक काढलं. "सही नकोच साहेब. करारात काही चुका असतील तर तेवढ्या दाखवा."

मॅनेजरने करार ओढून घेतला. हिशेबी माणूस तो. पहिल्याच कलमावर बोट ठेवलं, "प्रत्येक स्लाइड आठ सेकंद? सहा." मग म्हणाला, स्लाइडचा क्रम त्यांचा ऑपरेटर ठरवेल. मग फुटलेल्या काचेची जबाबदारी आमच्यावर टाकली. मी तिन्ही दुरुस्त्या लिहिल्या. सर माझ्या कानात कळवळले, "दोन सेकंद गेले गं." मी म्हटलं, जाऊ द्या. पत्रक पुढे सरकवलं. याखेरीज दुसरी दुरुस्ती नाही. मॅनेजरने वाचलं, पुन्हा वाचलं, वर माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. आणि सही केली. मुंबईचा माणूस बॅग घेऊन उठला तेव्हा बाराला पाच मिनिटं होती.

शुक्रवारी गावातले कापडाचे लूम बंद, त्यामुळे पहिला शो भरलेला. मी बायकांच्या बाजूला बसले होते. माझ्या दोन रांगा पुढे आत्याबाई, नवी साडी नेसून. इंटरव्हलला दिवे लागले आणि पडद्यावर पंप आला, पेढे आले, अत्तराची बाटली आली. प्रत्येकी सहा सेकंद. मग हिरव्या बांगड्या भरलेली ती बाई भिंतीएवढी होऊन उभी राहिली. आत्याबाई शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आता बरी दिसते." मला इतकं हसू आलं आणि त्याच वेळी इतकं रडू आलं की मी पदर तोंडाला लावला. मी जिंकले होते आणि ते मला कुणापासून लपवायचं नव्हतं.

सिनेमाचं पुढे काय झालं ते मात्र मला आजही ठाऊक नाही. इंटरव्हल संपायच्या आत मी बाहेर पडले होते. घट बसले होते, आता सगळे हो म्हणायला मोकळे होते, आणि मला दिवाळीचे आठ होकार त्याच दुपारी हवे होते.